पीसीचा पंखा घरघरतोय?

दांडिया बाजारात राहणाऱ्या मावशींचा पीसी सुरू केला की जोरात घरघरायचा, तापला की आवाज कमी व्हायचा. बेअरिंगमधलं तेल सुकल्याचं हे लक्षण.

बाजूचं झाकण काढा. आधी एखादी वायर पात्यांना घासते का ते बघा. मग पीसी चालू असताना एकेका पंख्याच्या मधल्या गोल भागावर बोट हलकेच टेकवून तो क्षणभर थांबवा. पात्यांना हात नको. ज्याला थांबवल्यावर आवाज बंद, तोच दोषी. मावशींकडे मागचा १२० मिमीचा निघाला.

वीज बंद करून पंखा काढला, स्टिकर उचललं, खालचं रबरी बूच काढून शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडला. घरघर थांबली. गंज काढायचा स्प्रे मात्र मारू नका, तो लवकर उडून जातो.

पातं हलवल्यावर खुळखुळत असेल तर बेअरिंग झिजलंय. तिथे तेल टिकत नाही. त्याच मापाचा नवा पंखा घ्या, हवेची दिशा जुन्यासारखीच ठेवा.

तुमचा पंखा कसा वाजतो? कमेंटमध्ये लिहा.