आगीचे पाणी जाते कुठे?

1 नोव्हेंबर 1986 च्या पहाटे स्वित्झर्लंडमधील बाझेलजवळ सँडोझ कंपनीचे रासायनिक गोदाम पेटले. आग विझली, पण विझवण्यासाठी मारलेले हजारो घनमीटर पाणी कीटकनाशके सोबत घेऊन गटारांतून थेट ऱ्हाइन नदीत उतरले. गोदामातल्या रंगद्रव्याने नदी लाल झाली आणि खाली शेकडो किलोमीटरपर्यंत ईल मासे मेले. तिथे एवढे पाणी साठवायला पुरेशी जागाच नव्हती.

मिनिटाला 500 लिटर पाणी सोडणारा एकच होस अर्ध्या तासात 15,000 लिटर पाणी ओततो. म्हणून पहिला फवारा सुरू होतानाच एका जवानाने उतार पाहून पावसाळी गटारे शोधायची असतात, कारण ती बहुधा प्रक्रियेविना नाल्याला मिळतात. जाळीवर जाड रबरी चटई अंथरून कडेने वाळूच्या गोण्या रचतात. पाइपात फुगवायचा रबरी फुगा बसवला, तर तोंड अधिक घट्ट बंद होते. मग अडलेले पाणी टँकरमध्ये उपसतात.

नदीवर तरंगता अडसर टाकला की काम झाले, हा समज मात्र महागात पडतो. तो तेलाचा तवंग अडवतो. विरघळलेले विष आणि फोम त्याच्याखालून निघून जातात. फोम कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो, शिवाय जुन्या फोममधली फ्लोरिनयुक्त रसायने वर्षानुवर्षे टिकतात. अडवायला जागा नसेल आणि माणसे सुरक्षित असतील, तर कधीकधी गोदाम जळू देणेच कमी नुकसानीचे ठरते, अर्थात धुराची किंमत मोजून.