डोक्यावरचा चट्टा: चाई की नायटा?

सात वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर रुपयाएवढा चट्टा दिसला, की घरात पहिला शब्द निघतो तो ‘चाई’. मग लसूण चोळणे सुरू होते. त्याआधी मोबाइलवर जवळून फोटो काढून तो मोठा करून पाहावा. फोटोत गेलेल्या केसांपेक्षा उरलेली त्वचा जास्त सांगते.

चाईत त्वचा गुळगुळीत असते. कडेला मुळाशी बारीक, टोकाला जाड असे उद्गारचिन्हासारखे आखूड केस दिसू शकतात. या मुलाच्या फोटोत मात्र पांढरी खपली आहे आणि त्वचेलगत तुटलेल्या केसांचे काळे ठिपके आहेत. मानेमागे गाठीही हाताला लागतात. हा बहुधा बुरशीचा संसर्ग, म्हणजे डोक्यातला नायटा. बुरशी केसातच शिरलेली असल्याने नुसते मलम पुरत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवडे पोटातून औषध घ्यावे लागते. चाई समजून स्टिरॉइडचे मलम लावले, तर लाली दबते आणि बुरशी पसरत राहते. एकच कंगवा वापरणाऱ्या भावंडांनाही ती लागू शकते.

मोठ्यांच्या आनुवंशिक टकलात असा चट्टा सहसा नसतो. भांग रुंदावतो किंवा कपाळाचे कोपरे मागे सरकतात, जाड केसांत बारीक केस मिसळतात.

फोटो तेल न लावता, दिवसाच्या उजेडात काढावा. तेलाने खपली लपते. तरीही शंका असेल, तर डॉक्टर खपली आणि तुटके केस काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवतात.