लोगोच्या आधी नावाची झडती

अ‍ॅपचं नाव सुचलं की बहुतेक जण पहिल्यांदा डोमेन मोकळं आहे का ते पाहतात, कारण हे उत्तर दोन सेकंदांत मिळतं. मोकळं दिसलं की लगेच लोगोवाल्याला फोन जातो. पण डोमेन विकणाऱ्याला त्या नावाच्या हक्काशी काही देणंघेणं नसतं. अगदी हीच अक्षरं, याच क्रमाने, अजून कोणी घेतलेली नाहीत एवढंच तो सांगतो.

तेवढ्याने भागत नाही, हे सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स या खटल्यात दिसलं. सत्यम इन्फोवेने आपल्याच नावातली अक्षरं जोडून ‘सिफी’ हे नाव घडवलं आणि 1999 मध्ये त्यावरची डोमेनं घेतली. पुढे दुसऱ्या कंपनीने siffynet.com घेतलं. त्यात एक f जास्त होता, म्हणून ते मोकळं होतं आणि रीतसर मिळालंही. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सत्यमच्या बाजूने निकाल दिला. ट्रेडमार्कला मिळतं तसं संरक्षण डोमेनच्या नावालाही मिळू शकतं आणि कानाला दोन्ही नावं सारखीच लागतात, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

म्हणून पहिली झडती ट्रेडमार्कची घ्यावी. समजा, घरगुती डबे पोहोचवणारं अ‍ॅप काढायचंय आणि ‘ताटवाटी’ हे नाव मनात आहे. केंद्र सरकारच्या ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही शोध घेता येतो. तिथे वर्ग निवडावा लागतो. वस्तू आणि सेवांचे मिळून 45 वर्ग आहेत. आपण सॉफ्टवेअरवाले म्हणून वर्ग 9 पाहून लोक उठतात. पण भांडण अनेकदा दुसऱ्याच वर्गात दडलेलं असतं. खाद्यसेवा वर्ग 43 मध्ये येते आणि पोहोचवण्याचं काम 39 मध्ये. त्या नावाची खानावळ 43 मध्ये नोंदलेली असेल, तर वर्ग 9 कोरा दिसून उपयोग नाही.

मराठी नावांची खरी गोम स्पेलिंगमध्ये आहे. Tatvati, Taatvaati, Tatwati, Thatvati ही सगळी एकाच उच्चाराची रूपं. म्हणून Wordmark शोधात प्रत्येक रूप टाकून पाहावं, मग Phonetic हा पर्याय वापरावा. यंत्राचा कान मराठी नसतो, त्यामुळे नुसत्या Phonetic वर विसंबू नये. निकालात Registered दिसलं की आपण दचकतो, पण Objected किंवा Opposed लिहिलेले अर्जही जिवंत असतात. Abandoned दिसलं तरी त्या माणसाने धंदा बंद केला असं नाही. नोंदणी नसली तरी आधीपासून नाव वापरणाऱ्याला आपल्या कायद्यात हक्क असतो. म्हणून नकाशावर, इन्स्टाग्रामवर आणि दोन्ही अ‍ॅप दुकानांतही तेच नाव शोधावं. कंपनी त्या नावाने नोंदली गेली म्हणजे नाव आपलं झालं, हा समज मात्र डोक्यातून काढावा.

नाव वेगळं असावं, पण फार उघडवाघडही नसावं. ‘फोनपे’ने ‘भारतपे’विरुद्ध दाद मागितली, तेव्हा 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अंतरिम मनाई दिली नाही. ‘पे’ म्हणजे पैसे देणे, त्यावर एकाची मक्तेदारी कशी? ‘डबा’सारख्या शब्दाचीही गत हीच होईल. तो मिळवायला अवघड आणि मिळालाच तर राखायला त्याहून अवघड.

आता दुकानं. अ‍ॅपलकडे एका नावाचं एकच अ‍ॅप चालतं. दुकानात शोधून काही सापडलं नाही तरी नाव कोणीतरी आधीच अडवून ठेवलेलं असू शकतं. ते App Store Connect मध्ये नवीन अ‍ॅपची नोंद करू लागल्यावरच कळतं. गुगल प्लेवर उलटं आहे. तिथे एकाच नावाची चार अ‍ॅपं सुखाने नांदतात, त्यामुळे नाव मिळालं याला तिथे काही अर्थ नाही. नावाला दोन्हीकडे 30 अक्षरांची मर्यादा आहे. गुगलवर खरी अडचण पॅकेजच्या नावाची:

```
com.example.tatvati
```

अ‍ॅप प्रसिद्ध झाल्यावर हे बदलता येत नाही. नाव बदललं तरी जुनं तिथेच राहतं आणि अ‍ॅपच्या पानाच्या पत्त्यात दिसतं. नाव पक्कं होईपर्यंत अ‍ॅप प्रसिद्ध न केलेलं बरं.

डोमेन शेवटी पाहावं, पण पसंत पडलं की त्याच दिवशी विकत घ्यावं. हुबेहूब .com मिळालं नाही म्हणून चांगलं नाव टाकू नये. मेटाचं ‘थ्रेड्स’ 2023 मध्ये threads.net वरच आलं. मात्र .com कोणाकडे आहे ते उघडून पाहावं. तिथे दुसऱ्या डबेवाल्याचा धंदा चालत असेल तर .in घेऊनही आपली गिऱ्हाइकं त्याच्याकडे जातील आणि त्याची नोटीस आपल्याकडे येईल.

झडतीतून नाव सुटलं की ट्रेडमार्कचा अर्ज करावा. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क एका वर्गाला 4500 रुपये आहे. वर्ग 9 आणि 43 दोन्ही धरले तर 9000. एखादं जवळचं नाव सापडलं असेल तर अर्जाआधी वकिलाला दाखवावं, कारण साम्य किती चालेल हा अंदाज संकेतस्थळ देत नाही. अर्ज स्वीकारला गेला की तो जर्नलमध्ये छापला जातो आणि हरकतीसाठी चार महिने मिळतात. लोगोवाल्याला मधल्या काळात बोलवायला हरकत नाही. फक्त नावाशेजारी ™ लिहायला सांगावं. नोंदणी होण्याआधी ® लावायला कायद्याने मनाई आहे.