फोटोतली नोटीस आणि चार रकाने

रिटर्न भरण्याची गडबड संपली, की कर सल्लागारांच्या व्हॉट्सॲपवर फोटो यायला लागतात. चुरगळलेला कागद, त्यावर ट्यूबलाइटची चकाकी, कोपऱ्यात अंगठा आणि खाली एक ओळ: "साहेब, हे काय आलंय?" मूळ नोटीस बहुतेक वेळा ईमेलने पीडीएफमध्येच आलेली असते. पण कुणीतरी सायबर कॅफेत तिचं प्रिंट काढतं, मग त्या प्रिंटचा फोटो काढतं आणि फोटो पुढे ढकलतं. ऑफिसातल्या कुणालातरी त्यातून चार गोष्टी वेचून शीटमध्ये भरायच्या असतात: मागणीची रक्कम, कलम, असेसमेंट इयर आणि मुदत. काम कारकुनी दिसतं. तरी चारही रकान्यांत चूक होते, आणि प्रत्येकाची चूक वेगळ्या तऱ्हेची असते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका शिक्षिकेचं २०२४-२५ या असेसमेंट इयरचं रिटर्न. कर ७१,७६० रुपये झाला आणि तेवढाच टीडीएस कापला गेला, असं तिने दाखवलं. आयकर खात्याच्या नोंदीत मात्र टीडीएस ५५,२६० रुपयेच निघाला. राहिले १६,५००. त्यावर कलम २३४बीचं व्याज १,३२० आणि २३४सीचं ८२८ लागलं. फोटोत हे सगळे आकडे आहेत, शिवाय ७३,९०८ हा कर आणि व्याज मिळून झालेला आकडाही आहे. घाईत तोच उचलला जातो, कारण तो सगळ्यात मोठा आहे. प्रत्यक्ष मागणी आहे १८,६५० रुपये, शेवटच्या बाजूच्या 'नेट अमाउंट पेएबल' या ओळीतली.

हा आकडा पारखायची एक सोय कायद्यानेच करून ठेवली आहे. कलम २८८बीप्रमाणे देय रक्कम जवळच्या दहा रुपयांत पूर्ण करतात. इथे बेरीज १८,६४८ होती, तिचे १८,६५० झाले. तेव्हा रकान्यात भरलेल्या मागणीच्या शेवटी शून्य नसेल, तर अंक चुकीचा वाचला आहे किंवा ओळ चुकीची उचलली आहे. फोनमधलं अक्षरं ओळखणारं ॲप वापरलं तर आणखी एक गंमत होते. रुपयाचं चिन्ह त्याला कधी २ वाटतं, कधी ३, आणि १८,६५० चे एकदम २,१८,६५० होतात. अशा वेळी स्वल्पविराम पाहून उपयोग नाही, वरची वजाबाकी करून पाहावी. कर अधिक व्याज वजा भरलेला कर, एवढं जमलं तर आकडा बरोबर.

कलमाच्या बाबतीत घोटाळा असा, की एकाच कागदावर पाच-सहा कलमं छापलेली असतात. २३४बी व्याजाचं, ८०सी वजावटीचं, आणि मजकुरात कुठेतरी १५६, कारण १४३(१) खालच्या सूचनेत मागणी असेल तर ती कलम १५६ ची मागणी-नोटीसच मानली जाते. शीटमध्ये जायचं ते मथळ्यातलं कलम, ज्याखाली हा कागद निघाला ते. इथे ते १४३(१). त्याच्या कंसांकडे नीट बघावं लागतं. १४३(१) म्हणजे हिशोब झाला, पैसे भरा. १४३(१)(ए) खाली येणारं पत्र म्हणजे असा फेरफार करण्याचा आमचा विचार आहे, तुमचं म्हणणं ३० दिवसांत सांगा. १४३(२) ही तर छाननीची नोटीस. फोटोत नेमकी घडी कंसावरून गेली असेल, तर अंदाजाने भरू नये, दुसरा फोटो मागवावा.

असेसमेंट इयर वाचायला सोपं, पण लोक बोलताना उत्पन्नाचं वर्ष सांगतात. २०२३-२४ मध्ये मिळालेल्या पगाराचं असेसमेंट इयर २०२४-२५. शीटमध्ये तोंडी ऐकलेलं वर्ष टाकलं, की पोर्टलवर शोधताना मागणी सापडतच नाही. यापुढे हा गोंधळ वाढणार आहे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू होतो आणि त्यात असेसमेंट इयर जाऊन 'टॅक्स इयर' येतं. म्हणजे असेसमेंट इयर २०२६-२७ म्हणजे २०२५-२६ चं उत्पन्न, आणि टॅक्स इयर २०२६-२७ म्हणजे त्याच वर्षाचं उत्पन्न. नव्या कायद्यात कलमांचे क्रमांकही बदलले आहेत. तेव्हा 'कुठला कायदा' असा एक बारीक रकाना आत्ताच वाढवलेला बरा.

सगळ्यात अवघड मुदत, कारण पुष्कळदा ती कागदावर तारीख म्हणून छापलेलीच नसते. १४२(१) च्या नोटिशीत अमुक तारखेपर्यंत कागदपत्रं द्या असं स्पष्ट असतं, ते तसंच उतरवायचं. शिक्षिकेच्या सूचनेत मात्र फक्त 'मिळाल्यापासून ३० दिवस' आहे, आणि ही मुदत पैसे भरण्याची आहे. सूचनेवर तारीख ५ नोव्हेंबर २०२४, ईमेल आला ६ तारखेला. मिळाल्याचा दिवस सोडून मोजायचं, म्हणजे ६ डिसेंबर. रविवार, सुट्ट्या सगळं धरून. फोटोवरून ईमेलची तारीख कळत नाही, ती अशिलालाच विचारावी लागते. तो सांगेपर्यंत नोटिशीच्या तारखेपासून मोजून ५ डिसेंबर लिहावं. एक दिवस आधी भरलं तर बिघडत नाही. उशीर झाला तर कलम २२०(२) खाली महिन्याला एक टक्का व्याज, आणि महिन्याचा एक दिवस गेला तरी पूर्ण महिना धरतात. व्याजासाठी रक्कम १८,६०० धरली जाईल, म्हणजे एका दिवसाच्या आळसाचे १८६ रुपये.

एवढं अचूक वाचून झालं तरी शीट स्वतः दगा देऊ शकते. सेटिंग अमेरिकी असेल, तर 05/11/2024 लिहिल्यावर एक्सेल ११ मे समजतं. 25/11/2024 मध्ये पंचविसावा महिना नसल्याने ते त्याला नुसता मजकूर मानतं. मग एकाच रकान्यात काही तारखा उजवीकडे चिकटतात, काही डावीकडे. डावीकडची तारीख दिसली, की समजावं की मुदतीप्रमाणे लावलेला क्रम खोटा आहे. म्हणून मुदत अशी लिहावी:

```
=DATE(2024,11,6)+30
```

जुन्या वर्षांची तऱ्हा आणखी न्यारी. 2011-12 टाइप केलं, की त्याचा डिसेंबर २०११ होतो. मागणीचा संदर्भ क्रमांक लांब असतो, आणि तो नुसत्या अंकांत भरला तर एक्सेल पंधराव्यानंतरचे अंक शून्य करून टाकतं. दोन्ही रकाने आधीच 'टेक्स्ट' करून ठेवावेत. जुन्या वर्षांना अजून महत्त्व आहे. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात लहान, जुन्या मागण्या मागे घ्यायचं ठरलं: असेसमेंट इयर २०१०-११ पर्यंत प्रत्येकी २५,००० रुपयांपर्यंतच्या आणि २०११-१२ ते २०१५-१६ च्या १०,००० पर्यंतच्या, एका करदात्याला एकूण एक लाखाच्या मर्यादेत. १५,००० ची मागणी २०१०-११ ची असेल तर या यादीत बसते, २०११-१२ ची असेल तर नाही.

ओळ भरून झाली, की पोर्टलवर दोन गोष्टी बघायच्या. लॉगिन न करताही चालणाऱ्या "Authenticate Notice/Order Issued by ITD" मध्ये नोटिशीचा दस्तऐवज क्रमांक, म्हणजे डीआयएन, टाकला की कागद खरा की बनावट ते कळतं. ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रांवर हा क्रमांक असतो. मग अशिलाच्या लॉगिनमध्ये "Response to Outstanding Demand" उघडून रक्कम आणि वर्ष ताडून घ्यावं. शिक्षिकेच्या बाबतीत उत्तर बहुधा टीडीएस कापणाऱ्याकडे असेल. त्याने विवरणपत्र दुरुस्त केलं, तर तिला कलम १५४ खाली दुरुस्ती मागता येते. त्याचा आदेश आला, की शीटमध्ये नवी ओळ वाढवू नये. जुन्या ओळीतलीच रक्कम बदलावी, नाहीतर तिची एकच मागणी दोनदा मोजली जाते.