बट वळली, पण उजेड वळला का?

सरळ, मोकळ्या केसांचा फोटो नीट पाहिला तर डोक्याच्या गोलाईवर एक उजळ आडवा पट्टा दिसतो. शेजारशेजारच्या शेकडो केसांवर चमक जवळजवळ एकाच उंचीवर येते, म्हणून तो पट्टा तयार होतो. फोटोतले केस संगणकावर कुरळे करायला बसणारे बहुतेक जण बटांना वळणं द्यायला लागतात आणि या पट्ट्याकडे लक्षच देत नाहीत. मग वळणं सुबक येतात, तरी फोटो खोटा वाटतो. कारण केस वळले तरी त्यांच्यावरचा उजेड सरळ केसांचाच राहिलेला असतो.

केसावर चमक कुठे येते हे केसाच्या दिशेवर ठरतं. माणसाचा केस साधारण 0.05 ते 0.1 मिलिमीटर जाडीचा असतो. इतक्या बारीक नळकांड्यावर पडलेला प्रकाश त्याच्याभोवती शंकूच्या आकारात पसरतो. जेम्स काजिया आणि टिमथी के यांनी 1989 मध्ये संगणकावर लव आणि केस रंगवण्यासाठी जे गणित मांडलं, ते याच गोष्टीवर उभं आहे. त्याचं सार असं : दिवा आणि कॅमेरा यांच्या बरोबर मधली दिशा मनात धरा. केसाचा जो तुकडा त्या दिशेला काटकोनात असेल, तो चमकेल. सरळ केसांत शेजारच्या केसांची दिशा सारखी असते, म्हणून चमक एका रेषेत येते. कुरळ्या केसांत दिशा दर एक-दोन सेंटिमीटरला बदलते. तो एक पट्टा फुटतो आणि प्रत्येक वेटोळ्यावर त्याची स्वतःची छोटी चमक उमटते.

म्हणून पहिलं काम वळणांचं नाही. आधी जुना पट्टा मंद करायचा. केसांचा भाग वेगळ्या लेयरवर घ्यावा, केसांचाच मध्यम गडद रंग उचलावा आणि Darken पद्धतीच्या नव्या लेयरवर मऊ ब्रशने, वीस-तीस टक्के जोर ठेवून, पट्ट्यावरून हलका हात फिरवावा. पट्टा अगदी नाहीसा करायची गरज नाही. केसांच्या रेघा दिसत राहिल्या आणि उजेडाची उडी गेली की पुरे. कपाळाजवळच्या, मुळांलगतच्या भागाला मात्र हात लावू नये. तिथले केस आपण सरळच ठेवणार आहोत, त्यामुळे तिथली चमक खरीच आहे.

आता मोजमाप. हे काम अंदाजाने केलं की वळणं एक तर बाहुलीच्या केसांसारखी बारीक होतात, नाही तर दोरखंडासारखी जाड. पट्टी म्हणून चेहरा वापरता येतो. प्रौढ माणसाच्या केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंतचं अंतर साधारण 18 सेंटिमीटर असतं. समजा, आपल्या फोटोत हे अंतर 720 पिक्सेल भरलं. म्हणजे एका सेंटिमीटरला 40 पिक्सेल. या हिशेबाने एक केस पिक्सेलच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा येतो. फोटोत सुटा केस मुळात दिसतच नसतो, दिसतात त्या बटा. म्हणून केस न् केस रंगवत बसण्यात अर्थ नाही. बटा घडवाव्यात आणि शेवटी एक-दोन पिक्सेलच्या थोड्या उडत्या रेघा काढाव्यात. पिक्सार स्टुडिओने 2012 च्या ‘ब्रेव्ह’ या चित्रपटात मेरिडाचे लाल कुरळे केस घडवले, तेही याच तत्त्वावर : सुमारे दीड हजार बटा रचल्या आणि त्यांवरून एक लाखाहून जास्त केस संगणकाने भरले.

समजा, कानापासून खाली केसांची लांबी 40 सेंटिमीटर आहे. वरचे आठ सेंटिमीटर जवळजवळ सरळ ठेवू. उरलेल्या 32 सेंटिमीटरमध्ये वेटोळी बसवायची. दोन सेंटिमीटर व्यासाचं आणि पाच सेंटिमीटर उंचीचं एक वेटोळं पूर्ण व्हायला आठ सेंटिमीटर केस लागतो. वेटोळ्याचा परीघ आणि त्याची उंची यांवर पायथागोरसचा नियम लावला की हा आकडा मिळतो. म्हणजे आठ सेंटिमीटर केस फक्त पाच सेंटिमीटर उंची व्यापतो. कुरळे केल्यावर केस आखूड दिसलेच पाहिजेत. हा नियम सर्वात जास्त वेळा मोडला जातो : कंबरेपर्यंतचे सरळ केस कुरळे होऊनही कंबरेपर्यंतच राहतात आणि पाहणाऱ्याला कारण न कळताही ते खटकतं.

सगळी वेटोळी एका मापाची ठेवली तरी ते खटकतंच. लोंबत्या बटेच्या वरच्या भागावर खालच्या सगळ्या केसांचं वजन असतं, टोकाला जवळजवळ काहीच नसतं. म्हणून वेटोळं वर सैल आणि खाली घट्ट होतं. लिओनार्दो दा विंचीने 1510 च्या सुमारास पाण्याच्या भोवऱ्यांची चित्रं काढताना हीच नोंद केली होती : केसाच्या हालचालीला दोन कारणं असतात, एक त्याचं वजन आणि दुसरं त्याच्या वळण्याची दिशा. आपल्या बटेत पहिलं वेटोळं तीन सेंटिमीटर व्यासाचं आणि सात उंचीचं घेऊ, मधली दोन प्रत्येकी दोन आणि पाचची, शेवटचं सव्वा व्यासाचं आणि तीन उंचीचं. यात साधारण 32 सेंटिमीटर केस खर्ची पडतात आणि उंची होते 20. वरचे आठ धरून बट 28 सेंटिमीटरची झाली, म्हणजे मूळच्या टोकापेक्षा 12 सेंटिमीटर वर, आपल्या फोटोत 480 पिक्सेल. तेवढ्या जागेत पूर्वी केसांनी झाकलेला कपडा किंवा पार्श्वभूमी आता उघडी पडेल. ती शेजारच्या भागातून भरून काढावी लागते आणि हे काम बटा घडवण्याआधी उरकलेलं बरं.

दुसऱ्या बटेला हेच आकडे द्यायचे नाहीत. तिचं पहिलं वळण बोटभर खाली सुरू होऊ दे, ती उलट दिशेने फिरू दे, तिची वेटोळी थोडी सैल असू देत. एकच बट बनवून तिच्या नकला लावल्या की वळणांचे फुगवटे आडव्या ओळींत येतात आणि नजर ती ओळ लगेच पकडते. चेहऱ्याजवळच्या चार-पाच बटा मन लावून वेगवेगळ्या कराव्यात. मागच्या, सावलीतल्या बटांना ढोबळ लाटा चालतात.

वळण देण्याची रीत मात्र लाटांसाठी एक आणि वेटोळ्यांसाठी दुसरी. फोटोशॉपमधलं Liquify हे चित्राला ओल्या कापडासारखं ढकलतं आणि ताणतं. लाटेच्या रुंदीएवढा ब्रश घेऊन बट एकदा डावीकडे, मग थोडं खाली उजवीकडे सरकवली की छान लाट उमटते. पण कापड एकच पदर आहे. वेटोळ्यात केस स्वतःच्याच मागे जातो आणि पुन्हा पुढे येतो, ते एका पदराला जमत नाही. त्यासाठी बट वेगळी कापून निदान दोन लेयरवर ठेवावी लागते : पुढून जाणारे तिरके तुकडे वर, मागून जाणारे खाली. पुढचे तुकडे डावीकडून उजवीकडे उतरत असतील तर मागचे उजवीकडून डावीकडे उतरतात. केसांच्या रेघाही त्याच तिरकसपणाने गेल्या पाहिजेत. बाहेरचा आकार वळला आणि आतल्या रेघा उभ्याच राहिल्या की बट कापलेल्या कागदासारखी दिसते.

आता उजेड, आणि इथे सर्वात जास्त वेळ द्यावा. प्रत्येक बटेच्या लेयरवर तिलाच जोडलेला, मधल्या राखाडी रंगाने भरलेला Soft Light पद्धतीचा लेयर ठेवावा. त्यावर पांढऱ्याने उजळायचं, काळ्याने गडद करायचं, जोर दहा टक्क्यांच्या आसपास. आधी काळं. वेटोळ्याचे मागे गेलेले तुकडे, दोन वेटोळ्यांमधल्या खाचा आणि एक बट दुसरीवर चढते ती जागा गडद करावी. मग पांढरं. बट दिव्याकडे आणि आपल्याकडे फुगून येते तिथेच, दर वेटोळ्याला एकदा.

या चमकेचा आकार फार महत्त्वाचा. अनेक जण बटेच्या लांबीला धरून एक उजळ रेघ ओढतात आणि बट प्लास्टिकच्या नळीसारखी दिसू लागते. गुळगुळीत नळीवर चमक लांबीने जाते हे खरं. केसांच्या जुडग्यावर ती आडवी जाते, कारण तिथे शेजारचे सगळे केस एकाच वेळी काटकोनाच्या दिशेत येतात. म्हणून बटेच्या रुंदीभर आडवा, आखूड डाग द्यावा आणि मग त्याच्या वरच्या-खालच्या कडा बारीक ब्रशने केसांच्या दिशेने ओढून दातेरी कराव्यात.

रंगाचंही तसंच. स्टीफन मार्श्नर आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये केसावरच्या प्रकाशाची मोजणी प्रसिद्ध केली. त्यांनी दाखवलं की केसावर दोन चमका असतात. पहिली पृष्ठभागावरूनच परतते, म्हणून तिला दिव्याचा रंग असतो. दुसरी केसाच्या आत जाऊन, मागच्या भिंतीवरून परतून बाहेर येते, म्हणून तिला केसाचा रंग चढतो आणि ती पहिलीपासून थोडी सरकलेली असते. काळ्या केसात आत गेलेला बराचसा प्रकाश शोषला जातो, त्यामुळे पहिलीच चमक ठळक राहते. खिडकीच्या उजेडात काढलेल्या काळ्या केसांच्या फोटोत चमक किंचित निळसर पांढरी हवी. तिथे पिवळसर तपकिरी डाग दिले की केस रंगवलेले वाटतात. मागून ऊन असेल तेव्हा मात्र कडेच्या विरळ केसांतून प्रकाश आरपार येतो आणि तिथे तांबूस छटा शोभते.

खिडकी डावीकडे असेल तर डाव्या बटा पूर्ण चमकतील. गळ्याच्या उजव्या बाजूच्या बटांवर चेहऱ्याची आणि मानेची सावली असेल, तिथे चमक निम्म्याहून कमी ठेवावी. कुरळे केस जास्त जागा घेतात, म्हणून गालावर आणि खांद्यावर पडणारी त्यांची सावलीही रुंद आणि तुटक व्हायला हवी.

काम झाल्यावर फोटो कृष्णधवल करून अंगठ्याच्या नखाएवढा लहान करावा आणि मग आडवा उलटून पाहावा. जुना पट्टा उरला असेल तर लहान चित्रात तो लगेच दिसतो आणि एका मापाची वळणं उलट्या चित्रात उघडी पडतात. मोठ्या चित्रात बटेच्या बाहेरच्या वळणावरच्या रेघा पुसट झाल्या आहेत का तेही तपासावं. जास्त ताणलं गेल्याची ती खूण आहे, तिथे बारीक रेघा पुन्हा काढाव्या लागतात.

ही रीत लाटांना आणि मोकळ्या, मोठ्या वेटोळ्यांना पुरते. पेन्सिलीच्या जाडीची घट्ट वेटोळी सरळ केसांच्या फोटोतून अशी काढता येत नाहीत. तिथे मूळ केसांचं काहीच उपयोगी पडत नाही आणि सगळे केस नव्याने रंगवावे लागतात. तसे केस हवे असतील तर ते खरेच कुरळे करून, त्याच खिडकीशी पुन्हा फोटो काढणं कमी वेळाचं आणि जास्त खरं काम आहे.