बेरीज बरोबर, ओळ चुकली

महिना संपला की व्यापाऱ्याच्या हिशेबनिसाकडे दोन रजिस्टरं येतात, विक्रीचं आणि खरेदीचं. त्यातून त्याला ठरवायचं असतं की गिऱ्हाइकांकडून जीएसटी किती गोळा झाला, मालाच्या खरेदीवर किती भरला गेला आणि सरकारला किती देणं राहिलं. ज्या जीएसटीआर-३बी विवरणपत्रावर ही रक्कम भरली जाते, त्यात करपात्र विक्रीची एकच एकत्रित ओळ असते. पाच टक्क्यांचा माल किती आणि अठरा टक्क्यांचा किती, हे ते विचारत नाही. त्यामुळे काही हिशेबनीस नुसती एकूण बेरीज काढून मोकळे होतात. पण चुका नेमक्या त्या बेरजेत लपतात आणि दरवार ओळी मांडल्या की उघड्या पडतात.

याची चांगली परीक्षा झाली ती २२ सप्टेंबर २०२५ नंतर. त्या दिवसापासून जीएसटीचे दर बदलले. अंघोळीचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट आणि बिस्किटं १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली, तर तूप-लोणी १२ वरून ५ वर. किराणा व्यापाऱ्याच्या दुकानातला १२ टक्क्यांचा स्लॅब जवळजवळ संपला. म्हणून ऑक्टोबर २०२५ हाच महिना नमुन्याला घेऊ. व्यापारी नाशिकचा, घाऊक किराणावाला, दरमहा विवरणपत्र भरणारा. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून ठरवलेले आहेत.

पहिलं काम बिलं फोडण्याचं. एकाच बिलात ५ टक्क्यांची बिस्किटं, १८ टक्क्यांची धुण्याची पावडर आणि करमुक्त सुटा तांदूळ असतो. म्हणून रजिस्टरमध्ये बिलाला एक ओळ न देता प्रत्येक दराला एक ओळ द्यायची आणि तिच्यात तारीख, बिल क्रमांक, दर, करपात्र रक्कम, सीजीएसटी, एसजीएसटी, आयजीएसटी हे रकाने ठेवायचे. मग एक्सेलमध्ये एका सूत्रात स्लॅबची बेरीज मिळते. A रकान्यात बिलाची तारीख, D मध्ये दर आणि E मध्ये करपात्र रक्कम असेल, तर ५ टक्क्यांची ऑक्टोबरची विक्री अशी निघेल:

```
=SUMIFS(Sales!E:E, Sales!D:D, 5, Sales!A:A, ">="&DATE(2025,10,1), Sales!A:A, "<"&DATE(2025,11,1))
```

यात एक खाच आहे. दराचा रकाना टक्केवारीच्या स्वरूपात असेल, तर पडद्यावर ५% दिसतं पण आत 0.05 असतं, आणि हे सूत्र ती ओळ सोडून देतं. म्हणून सगळ्या स्लॅबची बेरीज महिन्याच्या रजिस्टरच्या एकूण रकमेशी जुळवायचीच. फरक आला तर एखादी ओळ कुठल्याच स्लॅबमध्ये बसलेली नाही, असं समजावं.

आपल्या व्यापाऱ्याची विक्री सगळी महाराष्ट्रातली आहे. ५ टक्क्यांत ८,००,००० रुपयांचा माल गेला, कर ४०,०००. १८ टक्क्यांत ३,००,००० चा गेला, कर ५४,०००. करमुक्त धान्य २,००,००० चं. शिवाय ऑगस्टमध्ये विकलेला १०,००० रुपयांचा साबण एका दुकानदाराने ऑक्टोबरमध्ये परत केला.

इथेच बरेच जण फसतात. साबणावर आज ५ टक्के कर आहे म्हणून क्रेडिट नोट ५ टक्क्यांनी काढली, तर ५०० रुपयांचाच कर वजा होतो. पण परतीचा माल ज्या दराने विकला होता, त्याच दराने वजा व्हायला हवा. ऑगस्टच्या बिलावर १८ टक्के होते, म्हणून १,८०० रुपये कमी होतात. चुकीच्या दराने व्यापाऱ्याचे १,३०० रुपये फुकट गेले असते, आणि एकूण बेरीज पाहून ते कुणाच्याही लक्षात आलं नसतं.

उलटी चूकही होते. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जुना दर तसाच राहिला आणि ऑक्टोबरात तुपावर १२ टक्के लागले, तर गोषवाऱ्यात १२ टक्क्यांची एक अनोळखी ओळ उगवते. ती जुन्या मालाच्या परतीची नसेल, तर दर चुकला आहे. अशा वेळी जास्तीचा कर व्यापाऱ्याला स्वतःकडे ठेवता येत नाही. कर म्हणून गिऱ्हाइकाकडून जे घेतलं, ते सरकारला द्यावंच लागतं.

आता खरेदी. ती सगळी करपात्र मालाचीच धरू. राज्यातून ५ टक्क्यांचा माल ६,००,००० चा, कर ३०,०००. राज्यातूनच १८ टक्क्यांचा १,५०,००० चा, कर २७,०००. गुजरातमधून १८ टक्क्यांचा १,००,००० चा, त्यावर आयजीएसटी १८,०००. म्हणजे भरलेला कर ७५,०००. पण भरलेला सगळा कर या महिन्यात वजा मिळत नाही. पुरवठादाराने आपलं बिल पोर्टलवर दाखवलं, तरच ते दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होणाऱ्या जीएसटीआर-२बी यादीत येतं. राज्यातल्या एका पुरवठादाराचं २०,००० चं, ३,६०० रुपये कराचं बिल त्यात नाही. ते ‘थांबलेलं क्रेडिट’ म्हणून वेगळं लिहून ठेवायचं आणि यादीत येईल त्या महिन्यात घ्यायचं.

| दर | गोळा केलेला कर | भरलेला कर | मिळणारं क्रेडिट |
|---|---|---|---|
| ५% | ४०,००० | ३०,००० | ३०,००० |
| १८% | ५२,२०० | ४५,००० | ४१,४०० |
| एकूण | ९२,२०० | ७५,००० | ७१,४०० |

हा तक्ता पाहून ५ टक्क्यांचं क्रेडिट ५ टक्क्यांच्याच करातून वजा करायचं, असा समज होतो. तसं बंधन नाही. सप्टेंबरआधी १८ टक्के भरून घेतलेला साबण आता ५ टक्क्यांनी विकला, तरी आधीचं क्रेडिट बुडत नाही. ते दुसऱ्या मालाच्या करासाठीही चालतं. बंधन आहे ते कराच्या प्रकाराचं. आयजीएसटीचं क्रेडिट आधी आयजीएसटीच्या देण्यासाठी वापरायचं आणि उरलेलं सीजीएसटी-एसजीएसटीमध्ये हवं तसं वाटायचं. सीजीएसटीचं क्रेडिट मात्र एसजीएसटीला चालत नाही, आणि एसजीएसटीचं सीजीएसटीला.

आपल्या व्यापाऱ्याचं देणं सीजीएसटी ४६,१०० आणि एसजीएसटी ४६,१०० असं आहे. १८,००० चं आयजीएसटी क्रेडिट दोन्हीकडे ९,००० असं वाटलं आणि प्रत्येकाचं स्वतःचं २६,७०० वजा केलं. दोन्हीकडे १०,४०० उरले, म्हणजे एकूण २०,८०० रुपये रोखीने भरायचे. थांबलेलं बिल चुकून धरलं असतं, तर ३,६०० रुपये कमी भरले गेले असते. असं कमी भरलेलं पुढे वसूल होतं आणि त्यावर वर्षाला १८ टक्के दराने व्याज लागतं.

करमुक्त धान्याची ओळ तक्त्यात नसली तरी तिला विसरायचं नाही. दुकानभाडं, फोन असे खर्च करपात्र आणि करमुक्त अशा दोन्ही विक्रीसाठी होतात. त्यांवरच्या क्रेडिटचा करमुक्त विक्रीच्या प्रमाणातला हिस्सा परत द्यावा लागतो.

दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याला विक्रीचं जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि ३बी २० तारखेपर्यंत द्यायचं असतं. जीएसटीआर-१ मध्ये विक्री दरवार द्यावीच लागते, म्हणजे अर्धा गोषवारा तसाही तयार होतो. उरलेला अर्धा खरेदीचा, आणि त्यासाठी १४ ते २० तारखेमधले दिवस मिळतात. व्यापाऱ्यांनी चलनाचा आकडा ऐकून मान डोलावण्याआधी हिशेबनिसाकडून दरवार तक्ता आणि थांबलेल्या क्रेडिटची यादी मागून घ्यावी.