धूसर चित्रातला आयझॅक

स्क्रीनशॉट धूसर असला की चेहरा ओळखायच्या भानगडीत पडू नये. आधी पडद्याचे कोपरे पाहावेत. बहुतेक गेममध्ये तिथे जीवनपट्टी, नकाशा किंवा गोळ्यांचा आकडा असतो. अक्षरं वाचता आली नाहीत, तरी त्यांची जागा आणि रंग कळतात.

समजा, कोपरे चक्क रिकामे आहेत. डावीकडे पाठमोरी, जड सूटमधली आकृती आहे आणि तिच्या मणक्यावर निळसर दिव्यांची उभी रांग आहे. हीच जीवनपट्टी! जखमा वाढल्या की ती लाल होते. ही ‘डेड स्पेस’ची खूण. हातातल्या अवजारातून प्रकाशाच्या तीन रेषा निघत असतील, तर तो प्लाझ्मा कटर, म्हणजे मुळात खाणकामाचं हत्यार. तेव्हा हा इंजिनिअर आयझॅक क्लार्क.

भाग कोणता, ते परिसर सांगतो. बर्फाळ ग्रह दिसला तर २०१३चा तिसरा भाग. तिथे मात्र जपून, कारण दोघांनी खेळताना जॉन कार्व्हरही असाच सूट घालून वावरतो. अंधाऱ्या यानातलं दृश्य २००८च्या मूळ खेळातलं की २०२३च्या नव्या आवृत्तीतलं, हे धूसर चित्रावरून छातीठोकपणे सांगू नये.